मनुकांचा रस आणि चार प्याले

हॉस्टेलच्या रूममध्ये एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या रूममेटने काळ्या मनुकांची दोन पाकिटं बॅगेत कोंबली, तेव्हा मला वाटलं ही डाएटवर गेली. म्हटलं, ‘‘एवढ्या मनुका कशाला गं?’’ तर म्हणे, ‘‘आजीने मागवल्यात. पेसाहची वाइन करायचीय.’’ मी सावेडीची. आमच्याकडे वाइन हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला तर आई आधी खिडकी लावेल. आणि इथे आजी स्वतः वाइन करणार? मी त्याच वीकेंडला तिच्यासोबत ठाण्याला जायचं ठरवलं.

माझी रूममेट बेने इस्राएल आहे. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला शतकानुशतकं तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. आडनावं गावावरून, शेवटी ‘कर’. घरात मराठी. आजी फोनवर भाजीवाल्याशी भांडतात ते अस्सल मराठीत. पेसाह, म्हणजे इंग्रजीत ज्याला पासओव्हर म्हणतात तो सण, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण. पण या समाजात त्याचं जुनं नाव होतं ‘अनाशी धाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट पाण्याचं मडकं. सणाचे दिवस ते झाकून ठेवायचं. हिब्रू पोथ्या हाताशी नव्हत्या तेव्हासुद्धा आंबवलेलं दूर ठेवायची आठवण मडक्याच्या झाकणाने जपली, असं म्हणायला हरकत नाही.

इथे माझा पहिला प्रश्न तयार होता. आंबवलेलं चालत नाही, मग वाइन कशी चालते? ती तर आंबवूनच करतात! आजी हसल्या. ‘‘बाळा, बंदी धान्याच्या आंबण्याला. गहू, जव असली पाच धान्यं पाण्यात भिजून फुगली की ते हामेत्स. फळाचा रस आंबला तर त्याला काही नाही.’’ म्हणून पाव, बिस्किटं, घरातला रवा सगळं बाहेर आणि वाइन मात्र टेबलावर मानाने.

पण दुकानातली नाही. आपल्याकडे नाशिकला वाइनचे कारखाने आहेत, तरी धार्मिक नियमाने ही वाइन ज्यूंच्याच हातांनी झालेली लागते. तशी बाटली ठाण्याच्या कोपऱ्यावर कुठे मिळणार? त्यावर बेने इस्राएलांचा जुना तोडगा म्हणजे मनुकांचा रस. हा जुगाड वाटतो ना? मलाही वाटला. पण ज्यू धर्मशास्त्रात मनुकांच्या वाइनचा सरळ विचार केलेला आहे आणि तिच्यावर द्राक्षाचाच आशीर्वाद म्हणता येतो. दोन अटी आहेत. मनुका इतक्या वाळलेल्या नसाव्यात की पाण्याला नुसती चव उतरेल. दाबल्यावर त्यांच्यातून स्वतःचा ओलावा निघाला पाहिजे. आणि पाण्याच्या मानाने मनुका एक षष्ठांशाहून जास्त हव्यात. आजींनी पाकीट फोडलं, एक मनुका चिमटीत दाबली, बोटाला चिकट ओल लागली, मग म्हणाल्या, ‘‘चालेल.’’ अर्धा किलो मनुका धुवून लिटरभर पाण्यात तीन दिवस. म्हणजे प्रमाण नियमाच्या बरंच वर. तिसऱ्या दिवशी वर बारीक फेस आला. मग हाताने कुस्करून, फडक्यातून पिळून, गाळून, एकदा उकळी. उकळी कशाला, तर उकळलेल्या वाइनला परधर्मीयाचा हात लागला तरी चालतो. ‘‘तू येणार म्हटल्यावर उकळायलाच पाहिजे,’’ आजी म्हणाल्या. यात मला वाईट वाटावं की बरं, ते कळेना. मग त्यांनी पातेलं गॅसवरून उतरवायला मलाच सांगितलं.

सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला सेदेर म्हणतात. सेदेर म्हणजेच क्रम. त्या रात्री काहीच मनाला येईल तसं होत नाही. कधी हात धुवायचे, कधी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, कधी कडू पाला खायचा, सगळं ठरलेलं. आणि या लांबलचक क्रमाला चार खांब आहेत: चार प्याले. मिश्ना नावाच्या, इसवी सन २००च्या सुमाराच्या ग्रंथात स्पष्ट आलंय की गावाच्या दानाच्या ताटावर जगणाऱ्या गरिबालाही चार प्याल्यांपेक्षा कमी मिळता कामा नये. पुढच्या शास्त्रकारांनी तर म्हटलं, पैसे नसतील तर कपडा विका, मजुरी करा, पण चार प्यावेत. कारण त्या रात्री प्रत्येकाने राजासारखं बसायचं आहे. म्हणून डावीकडे उशीवर रेलून प्यायचं. रोमन काळातली स्वतंत्र माणसं तशी रेलून जेवत; गुलाम उभे राहत.

प्याला केवढा? किमान माप ‘रेविईत’. त्याचा एक हिशोब साधारण ८६ मिलिलिटर येतो, दुसरा कडक हिशोब १५० मिलिलिटरच्या आसपास. ठाण्याच्या घरात पहिला हिशोब चालतो, म्हणजे कटिंग चहाचा ग्लास समजा. निदान अर्ध्याहून अधिक एका दमात प्यायचा.

रात्र पडली. टेबलावर मामा मुख्य जागी, हातात हग्गादा. हग्गादा म्हणजे त्या रात्रीची पोथी. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे मराठी भाषांतरासह हिब्रू हग्गादा मुंबईत १८४६ मध्येच शिळाछापावर निघाली, आणि १८७४ ला पुण्यात निघालेल्या हग्गादात चित्रंही आहेत. त्यात सणाची बिनखमिराची भाकरी लाटणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या! आजींकडची प्रत तेवढी जुनी नव्हती, पण पानं पिवळी आणि रसाचे डाग पडलेली होती. मामांच्या हातात मात्र न्यूयॉर्कहून कुणीतरी पाठवलेली चकाचक हग्गादा. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्याला किद्दुशचा. किद्दुश म्हणजे दिवस पवित्र करणं. सगळे उभे. आधी द्राक्षाचा आशीर्वाद. आजींनी मला तो दुपारीच शिकवला होता, पण शिकवताना त्या देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ म्हणायच्या, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. कारण सरावासाठी खरं नाव घ्यायचं नाही. मीही इथे तसंच लिहिते: ‘बारुख अत्ता हाशेम, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे पेरी हगेफेन.’ अर्थ असा, की हे विश्वाच्या राजा, आमच्या देवा, द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा तू धन्य आहेस. पहिले शब्द प्रत्येक आशीर्वादात तेच. शेवटचे तीन बदलतात, आणि कशावर आशीर्वाद आहे ते त्यावरूनच कळतं. गंमत बघा, ‘द्राक्ष’ म्हटलेलं नाही, ‘वेलीचं फळ’ म्हटलंय. झाडावरून तोडून खाल्लेल्या द्राक्षाला वेगळा, झाडाच्या फळाचा आशीर्वाद. रस झाला की त्याला स्वतःचा खास आशीर्वाद मिळतो. मनुका एवढ्यासाठीच पारखून घ्यायच्या होत्या. चुकीच्या निघाल्या असत्या तर हे शब्दच म्हणता आले नसते.

त्यापाठोपाठ सणाचा लांब आशीर्वाद. त्यात या सणाला ‘झेमान हेरुतेनू’, आमच्या मुक्तीचा काळ, असं नाव येतं. मग एक छोटा: ‘शेहेहेयानू’. आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या वेळेपर्यंत आणून पोचवलंस. हा आशीर्वाद फक्त पेसाहचा नाही, कुठल्याही नव्या ऋतूला, नव्या फळाला म्हणतात. पण आजींनी तो म्हणताना समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांची दोन्ही मोठी मुलं इस्राएलला. त्यांच्याकडे सेदेर अडीच तास उशिरा सुरू होतो, सूर्य तिथे उशिरा मावळतो म्हणून.

मग बसून, डावीकडे रेलून, प्याले. चव? मनुकांच्या सरबताला थोडा आंबूसपणा. मला आवडलं.

दुसरा प्याला लगेच भरतात आणि मग तो तसाच तासभर भरलेला राहतो. हे मला फार आवडलं. प्यायची घाई नाही, आधी गोष्ट. गोष्ट सुरू होते सगळ्यात लहान मुलाच्या प्रश्नांनी: ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का? आणि इथे अडलं. त्या घरात आता लहान मूलच नाही. तालमूदने यावरही विचार करून ठेवलाय. मुलगा नसेल तर बायकोने विचारायचं, तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारायचं, आणि दोन पंडित एकत्र बसले असले, सगळं ठाऊक असलं, तरी एकमेकांना विचारायचं. उत्तर माहीत आहे म्हणून प्रश्न रद्द होत नाही. शेवटी एकवीस वर्षांच्या माझ्या रूममेटनेच विचारलं. दहा वर्षांची असल्यापासून तीच विचारतेय. म्हणाली, ‘‘मला कुणी प्रमोशनच देत नाही.’’

गोष्टीत दहा संकटांची नावं येतात, तेव्हा प्याल्यातून थेंब काढायचे. शत्रू बुडाला तरी तो माणूस होता, म्हणून आपला आनंदाचा प्याला थोडा कमी, असं या प्रथेचं हल्लीचं सर्वत्र ऐकू येणारं स्पष्टीकरण. थेंब दहा नाहीत, सोळा. आधी रक्त, अग्नी, धूर यांचे तीन, मग दहा संकटांचे, मग त्या दहांची आद्याक्षरं जुळवून केलेल्या तीन शब्दांचे तीन. मी मोजत होते आणि दहाला थांबले, मामा ओतत राहिले.

गोष्ट संपते ती स्तोत्रांच्या पहिल्या दोन तुकड्यांनी आणि सुटकेच्या आशीर्वादाने: आम्हाला आणि आमच्या पूर्वजांना इजिप्तमधून सोडवलंस, आणि या रात्रीपर्यंत आणलंस. शेवट ‘गाआल यिस्राएल’, इस्राएलला सोडवणारा. आता दुसरा प्याला प्यायचा. मामांनी नव्या पोथीत बघून पुन्हा ‘बारुख अत्ता’ सुरू केलं, आणि आजींचा हात वर. ‘‘थांब. आपल्यात नाही म्हणत.’’

झालं असं होतं, की न्यूयॉर्कची पोथी युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्या वळणाची. ते चारही प्याल्यांवर वेलीच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, कारण त्यांच्या मते प्रत्येक प्याला हे स्वतंत्र कर्तव्य. बेने इस्राएल सेफार्दी वळण पाळतात. त्यात आशीर्वाद पहिल्यावर आणि तिसऱ्यावर. पहिल्यावर म्हटलेला दुसऱ्यालाही पुरतो, कारण मध्ये तुम्ही टेबलावरून उठला नाहीत, गोष्टच चालू होती. मग जेवण होतं, जेवणानंतरची प्रार्थना होते, तिथे धागा तुटतो, म्हणून तिसऱ्यावर नव्याने. तो चौथ्यालाही पुरतो. दोघांचंही तर्कशास्त्र पक्कं. अडचण अशी, की गरज नसताना देवाचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणणं हा दोष. मामा नावाच्या आधी थांबले म्हणून सुटले. नाव उच्चारून झालं असतं तर? तर त्यावरही युक्ती आहे: त्याच शब्दांनी सुरू होणारी एक ओळ ११९ व्या स्तोत्रात आहे. पटकन तिचा उरलेला भाग म्हणायचा, म्हणजे आशीर्वाद नव्हे, स्तोत्र म्हटलं असं होतं. व्हायवामध्ये अशी सोय असती तर!

मग जेवण. त्यावर मी वेगळा लेख लिहीन. एवढंच सांगते, की सेफार्दी वळणात पेसाहला भात चालतो, त्यामुळे माझी उपासमार झाली नाही.

तिसरा प्याला जेवणानंतरच्या प्रार्थनेचा. जेवायला दिल्याबद्दल, भूमीबद्दल, येरुशलेमबद्दल आभार मानत ती चांगली लांब चालते. प्याला भरून समोर ठेवलेला असतो, प्रार्थना संपली की वेलीच्या फळाचा आशीर्वाद, आणि रेलून पिणं. हाच ‘कोस शेल बेराखा’, आशीर्वादाचा प्याला. मामा रेलायला विसरले. आजींनी पाहिलं पण यावेळी काही बोलल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, पहिल्या दोघांना विसरला तर आशीर्वादाशिवाय पुन्हा प्यायचा. तिसऱ्याला पुन्हा प्यायला तर चारचे पाच होतील, म्हणून काही जण तिथे सोडून देतात. तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये तर दुसरी वाइनही प्यायची नाही. आधीच्या प्याल्यांच्या मध्ये चालते, कारण जेवणातली वाइन फारशी चढत नाही. जेवणानंतरची चढते, आणि अजून स्तोत्रं म्हणायची असतात.

चौथा प्याला त्या स्तोत्रांचा, हल्लेलचा. दुसऱ्या प्याल्यापाशी सुरू केलेली स्तुती जिथे सोडली होती तिथून पुढे. म्हणजे जेवण हे गाण्याच्या मध्यंतरात झालं. शेवटी स्तुतीचा आशीर्वाद, प्याला, आणि मग एकदाच, चारही प्याल्यांचा मिळून, नंतरचा आशीर्वाद: वेल आणि वेलीचं फळ यांच्याबद्दल. त्यासाठी शेवटचा प्याला मापाएवढा पूर्ण प्यायलेला हवा. रात्रीचे बारा वाजत आले होते. रूममेट पेंगत होती, आजी ताठ.

आता चारच का? भांडी आवरताना मी विचारलं. आजी म्हणाल्या, ‘‘देवाने मोशेला चार शब्द दिले.’’ निर्गमच्या सहाव्या अध्यायात चार क्रियापदं आहेत: होत्सेती, हित्सालती, गाआलती, लाकाहती. बाहेर काढीन, वाचवीन, सोडवीन, आपलं करून घेईन. बऱ्याच पुस्तकांत पहिला प्याला पहिल्या शब्दाचा, दुसरा दुसऱ्याचा असा तक्ता असतो. तो मला जरा जास्तच नीटनेटका वाटतो. सोडवण्याचा शब्द ‘गाआल’ यादीत तिसरा आहे आणि आशीर्वादात येतो दुसऱ्या प्याल्यावर! येरुशलेमी तालमूदमध्ये चार शब्दांसाठी चार प्याले एवढंच आहे, कुठला कुणाचा ते नाही. शिवाय तिथेच आणखी कारणं दिलीत. योसेफबरोबर तुरुंगात असलेल्या प्याले भरणाऱ्या सेवकाच्या स्वप्नकथेत ‘प्याला’ हा शब्द चारदा येतो, म्हणून चार. राज्य करून गेलेली चार साम्राज्यं, म्हणून चार. एका प्रश्नाला इतकी उत्तरं असली की समजावं, प्रथा आधीची आणि कारणं नंतरची. हे माझं मत, आजींचं नाही.

आणि पाचवा शब्दही आहे. त्याच परिच्छेदात पुढे ‘हेवेती’, देशात आणीन. मग पाचवा प्याला हवा का, यावर जुने गुरू भांडले, निकाल लागला नाही. एलियाहू नबी येईल तेव्हा तो सगळे अडलेले वाद सोडवणार अशी समजूत, म्हणून बऱ्याच घरांत एक प्याला त्याच्या नावाने भरून ठेवतात, पीत नाहीत. बेने इस्राएलांचं तर एलियाहू हन्नाबीशी खास नातं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तो रथातून आला होता, खडकावर खूण आहे, असं मानतात. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा होतो.

सावेडीला परत आल्यावर ही सगळी स्टोरी मी शेजारच्या ख्रिस्ती काकूंना सांगितली. नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, त्यामुळे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळचं प्रभुभोजन आमच्या गल्लीला नवीन नाही. काकू एकदम म्हणाल्या, ‘‘अगं, मग आमचा प्याला यातला कितवा?’’ त्यांनी बायबल काढलं. लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्याले दोन आहेत, एक भाकरीच्या आधी, एक जेवणानंतर. पौल ज्याला आशीर्वादाचा प्याला म्हणतो तो, जेवणानंतरचा, हिशोबाने तिसऱ्याच्या जागी बसतो. मत्तयात तर शेवटी स्तोत्र म्हणून ते बाहेर पडतात, ते चौथ्यापाशी जुळतं. पण मी सावध केलं: चार प्याल्यांचा क्रम लिहिलेला सापडतो तो मिश्नात, येशूच्या नंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्या रात्री टेबलावर नेमके चारच होते का, हे शपथेवर सांगता येत नाही. काकूंनी चष्मा काढला. ‘‘तरी तिसराच,’’ म्हणाल्या.

हॉस्टेलला निघताना आजींनी उरलेला रस एका बाटलीत भरून दिला होता. आईने तो वास घेऊन पाहिला, ‘‘मनुकाच ना नक्की?’’ असं दोनदा विचारलं, आणि फ्रिजमध्ये ताकाच्या मागे ठेवला.